जुन्या अमेरिकी विनोदी मालिकांतला मुद्रित हशा: तो का आला आणि त्याची जागा कशाने घेतली?

पारिजातक

नमस्कार मंडळी. सध्या मी १९७२ ते १९८३ या काळात अमेरिकेत गाजलेली ‘मॅश’ ही मालिका क्रमाने पाहते आहे. कोरियन युद्धातल्या लष्करी रुग्णालयाच्या तंबूत डॉक्टर एखादे तिरकस वाक्य बोलतो आणि लगेच कुठून तरी पाचपन्नास माणसांचा हशा ऐकू येतो. त्या माळरानावर हे लोक बसले आहेत तरी कुठे, असा प्रश्न मला दर वेळी पडतो. याउलट ‘द ऑफिस’ किंवा ‘मॉडर्न फॅमिली’ पाहताना कोणीही हसत नाही, तरी कुठे हसायचे हे मला नेमके कळते.

माझे प्रश्न दोन आहेत. हा हशा मुळात का घातला गेला? आणि तो काढल्यावर त्याचे काम कोण करू लागले? काम उरलेच नाही म्हणून तो गेला, हे मला पटत नाही. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

गप्पिष्ट

प्रेक्षकांना विनोद कळत नाही अशी निर्मात्यांची खात्री होती आणि निर्मात्यांना विनोद जमत नाही अशी वाहिन्यांची खात्री होती, म्हणून. प्रश्न मिटला आहे, धागा बंद करायला हरकत नाही.

खडूस_बाबूराव

गप्पिष्ट यांनी गमतीत लिहिले असले तरी मुद्दा खराच आहे. हा सगळा हशा १९५०च्या सुमारास एकदाच मुद्रित करून ठेवलेला आहे आणि पुढची पन्नास वर्षे प्रत्येक मालिकेत तोच वाजवला गेला. ‘फ्रेंड्स’ पाहताना आपण ज्यांचे हसणे ऐकतो ती माणसे केव्हाच वारलेली आहेत. माझ्या मते ही प्रेक्षकांची सरळ फसवणूक आहे.

ध्वनिवेडा

बाबूराव, तुमच्या म्हणण्यात अर्धे सत्य आहे. ‘फ्रेंड्स’ बरबँक येथील वॉर्नर ब्रदर्सच्या स्टुडिओत समोर प्रेक्षक बसवून चित्रित होत असे, त्यामुळे तिथला बहुतेक हशा त्याच संध्याकाळचा आणि त्याच विनोदाला मिळालेला आहे. ‘मॅश’चा प्रकार निराळा आहे. तिथे प्रेक्षक नव्हतेच आणि सगळा हशा नंतर यंत्रातून घातलेला आहे. कानाला दोन्ही सारखेच वाटतात म्हणून आपण त्यांची गल्लत करतो.

पारिजातक यांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर रेडिओत सापडते. दूरचित्रवाणी येण्यापूर्वी अमेरिकेतले विनोदी कार्यक्रम सभागृहात लोकांसमोर सादर होत आणि घरी बसलेल्या श्रोत्याला ते हसणे आपोआप ऐकू येई. दुसऱ्या महायुद्धानंतर जॅक मलिन या अभियंत्याने जर्मनीतून टेपवर ध्वनिमुद्रण करणारी यंत्रे अमेरिकेत आणली आणि १९४७पासून गायक बिंग क्रॉस्बीचा कार्यक्रम टेपवर मुद्रित होऊ लागला. टेप कापता येते आणि जोडताही येते. मलिनने सांगितलेली हकिगत अशी आहे की, एका पाहुण्या विनोदवीराने काही चावट किस्से सांगितले आणि सभागृहात प्रचंड हशा पिकला. ते किस्से प्रसारित करणे शक्य नव्हते, परंतु हशाचे तुकडे कापून जपून ठेवले गेले. पुढे एक भाग फारच थंड निघाला, तेव्हा लेखकांनी तेच तुकडे काढून त्यात जोडायला लावले. हशा आणि विनोद यांची ताटातूट झाली ती तिथे.

दूरचित्रवाणीवर मालिका करण्याचे दोन मार्ग होते. १९५१ साली सुरू झालेल्या ‘आय लव्ह लूसी’मध्ये तीन कॅमेरे एकाच वेळी चालत आणि समोर प्रेक्षक बसत, त्यामुळे प्रसंग नाटकासारखा सलग होई. दुसरा मार्ग चित्रपटाचा होता. त्यात एकच कॅमेरा असे, प्रत्येक कोनासाठी प्रकाशयोजना बदलावी लागे आणि प्रसंग मागेपुढे करून चित्रित होत. तिथे प्रेक्षक बसवणे शक्यच नव्हते, कारण एका विनोदाचे पहिले वाक्य सकाळी आणि उत्तर दुपारी चित्रित व्हायचे. रेडिओवरच्या सोबतीला सरावलेल्या प्रेक्षकाला ही शांतता रिकामी वाटेल, अशी वाहिन्यांना भीती होती. एनबीसीवरच्या ‘द हँक मॅक्यून शो’मध्ये १९५० सालीच असा हशा बाहेरून घातला गेला होता.

रंगकर्मी_नाना

आमच्या व्यावसायिक रंगभूमीवर असे भाडोत्री हसणारे बसवण्याची वेळ कधी आली नाही, हे मी अभिमानाने सांगतो. बोर्डावर उभ्या असलेल्या नटाला लाफ्टर कुठे पडणार हे अनुभवाने कळते. लाफ्टर आला की तो चढू द्यायचा, उतरू लागला की पुढचे वाक्य टाकायचे. पूर्ण विरल्यावर टाकले तर प्रयोग पडतो आणि आधी टाकले तर वाक्य वाया जाते. शिवाजी मंदिरातला हशा आणि एखाद्या तालुक्याच्या गावातल्या खुल्या मैदानावरचा हशा यांची लांबीही वेगवेगळी असते. हसण्यासाठी पैसे देऊन माणसे आणणे हा अभिनयाचा पराभव आहे.

पारिजातक

नाना, इथे पैसे देऊन बसवलेल्या माणसांविषयी चर्चा नाही. प्रश्न माणसे नसतानाच्या हशाविषयी आहे. परंतु लाफ्टर उतरू लागला की वाक्य टाकायचे, हा तुमचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. समोर प्रेक्षक नसतील तर कॅमेऱ्यासमोरचा नट किती थांबणार?

ध्वनिवेडा

नेमके तेच. त्याला अंदाजाने थांबावे लागते किंवा संकलकाला ती जागा कापून तयार करावी लागते, आणि त्या जागेच्या मापाचा हशा बनवणारा माणूस म्हणजे चार्ली डग्लस.

हा सीबीएसमधला ध्वनितंत्रज्ञ होता आणि युद्धकाळात त्याने नौदलासाठी रडारवर काम केले होते. प्रत्यक्ष प्रेक्षक असूनही ते चुकीच्या जागी हसतात, फार लांब हसतात किंवा हसतच नाहीत, याचा त्याला त्रास होई. १९५३च्या सुमारास त्याने ‘लाफ बॉक्स’ हे यंत्र तयार केले. उंचीला दोन फुटांहून थोडे अधिक, समोर टाइपरायटरसारख्या कळा आणि खाली पायाने दाबायचे पेडल. आत टेपची ३२ वेटोळी आणि प्रत्येक वेटोळ्यावर १० प्रकारचे हसणे, म्हणजे एकूण ३२० हशे. कळ कोणती दाबली त्यावर पुरुषाचे खो खो, बाईचे खुदकन किंवा सगळ्या सभागृहाचा गडगडाट ठरे आणि पेडलने तो किती वेळ टिकवायचा व कसा विरवायचा हे ठरे. बारीक हसण्याची एक वेगळी टेप खालून सतत फिरत असे, म्हणजे दोन मोठ्या हशांमध्ये सभागृह एकदम मेल्यासारखे वाटत नसे.

हे हसणे त्याने बऱ्याच अंशी रेड स्केल्टनच्या कार्यक्रमातल्या मूकाभिनयाच्या प्रसंगांतून गोळा केले होते, कारण तिथे हशावर कोणाचा संवाद चढलेला नसे. तो यंत्र घेऊन ध्वनिमिश्रणाच्या खोलीत येई, निर्माता सांगेल तसा हशा वाजवी आणि यंत्राला कुलूप लावून परत घेऊन जाई. आत काय आहे हे तो कोणाला पाहू देत नसे. अनेक वर्षे जवळपास सगळ्या मोठ्या मालिका त्याच्याकडेच येत, त्यामुळे साठच्या दशकात एकाच बाईचे विशिष्ट हसणे निरनिराळ्या मालिकांत ऐकू येते. बाबूराव म्हणतात ते या मर्यादेत खरे आहे. परंतु डग्लस वेळोवेळी जुने हशे काढून नवे भरत असे, म्हणून ‘एकदाच मुद्रित केले’ हे म्हणणे बरोबर नाही.

त्याचे कसब आवाज मोठा करण्यात नव्हते. खरा हशा एका क्षणी सुरू होत नाही. एखाद्याला विनोद आधी कळतो, मग लाट येते आणि शेवटी ज्याला उशिरा उमगले असा एखादा एकटाच हसतो. डग्लस हे तीनही भाग बोटांनी रचत असे. वाईट काम ओळखायचे असेल तर हशाची सुरुवात ऐका. सगळे एकाच क्षणी आणि एकाच उंचीवर हसू लागले तर ते काम घाईत केलेले असते.

गप्पिष्ट

उशिरा हसणारा तो एकटा माणूस म्हणजे आमचे साहेब. त्यांचे हसणे कोणीतरी मुद्रित करून नेले असणार, अशी मला आता शंका येते आहे.

निशिगंध_कॅलिफोर्निया

मी लॉस एंजेलिसजवळ राहते आणि काही वर्षांपूर्वी एका विनोदी मालिकेच्या चित्रीकरणाला प्रेक्षक म्हणून बसले होते. मालिकेचे नाव लिहीत नाही, कारण ती फार काळ चालली नाही. पडद्यावर बावीस मिनिटांचा असणारा भाग चित्रित व्हायला संपूर्ण संध्याकाळ लागली. आमच्या डोक्यावर रांगेने मायक्रोफोन टांगलेले होते. दोन प्रसंगांच्या मध्ये एक विदूषकी गृहस्थ आम्हाला जागे ठेवण्याचे काम करत होता, चॉकलेटे फेकत होता आणि कोण कुठून आले आहे हे विचारत होता. एक विनोद पडला तेव्हा लेखकांचा घोळका कॅमेऱ्यामागे जमला, कुजबुज झाली आणि पुढच्या वेळी नटीने अगदी निराळे वाक्य म्हटले. तेव्हा आम्ही मनापासून हसलो. परंतु तोच प्रसंग पुन्हा पुन्हा झाल्यावर हसू येत नव्हते आणि आपण पाहुणे आहोत म्हणून हसतो आहोत, असे मला वाटू लागले. घरी तो भाग पाहिला तेव्हा त्या जागी मोठा हशा होता. तो आमचाच होता की नाही, हे मी आजही सांगू शकत नाही.

ध्वनिवेडा

निशिगंधताई, बहुधा तो तुमचाच होता, फक्त त्या टेकचा नव्हता.

समजा पहिल्या टेकला विनोद नवा असल्याने पाच सेकंदांचा हशा आला, परंतु नटाचा हात कपाला लागून तो पडला. तिसऱ्या टेकमध्ये अभिनय उत्तम झाला, पण हशा दीड सेकंदाचा आणि कंटाळलेला आहे. संकलक चित्र तिसऱ्या टेकचे घेतो आणि हशा पहिल्याचा. आता अडचण अशी की तिसऱ्या टेकमध्ये नट दीडच सेकंद थांबलेला आहे, म्हणून पाच सेकंदांचा हशा त्याच्या पुढच्या वाक्यावर चढतो. मग समोरच्या पात्राच्या चेहऱ्याचा एखादा तुकडा मध्ये घालून जागा वाढवतात किंवा हशा मध्येच उतरवतात. तो उतरवताना काप ऐकू येऊ नये म्हणून त्यावर दुसऱ्या हशाची शेपटी चढवावी लागते. ती शेपटी पूर्वी डग्लसच्या यंत्रातून येई. म्हणून खरे प्रेक्षक असलेल्या मालिकांनाही त्याची गरज पडत असे. ‘प्रेक्षकांसमोर चित्रित’ आणि ‘मुद्रित हशा’ असे दोन स्वच्छ कप्पे व्यवहारात कधीच नव्हते.

गंमत म्हणजे ‘चिअर्स’च्या हशाला लोक खोटा समजून तक्रारी करू लागले, तेव्हा ही मालिका प्रत्यक्ष प्रेक्षकांसमोर चित्रित झाली आहे, असे सुरुवातीला एका कलाकाराच्या आवाजात सांगण्याची प्रथा पडली.

खडूस_बाबूराव

इतके सगळे तांत्रिक समर्थन वाचूनही माझे मत बदललेले नाही. यूट्यूबवर ‘द बिग बँग थिअरी’चे हशा काढून टाकलेले तुकडे उपलब्ध आहेत. ते पाहा. पात्रे वाक्य बोलतात आणि वेड्यासारखी एकमेकांकडे बघत उभी राहतात. हशा काढला की त्यात विनोद नव्हताच, हे उघडे पडते.

रंगकर्मी_नाना

बाबूराव, या बाबतीत मात्र मी तुमच्या विरोधात आहे. ते नट उभे राहतात, कारण समोर बसलेली माणसे त्या क्षणी हसत होती आणि नट लाफ्टर घेत होते. तुम्ही हशा पुसलात, पण त्याच्यासाठी सोडलेली जागा तशीच ठेवलीत. आमच्या कोणत्याही गाजलेल्या फार्साच्या चित्रफितीतून प्रेक्षकांचा आवाज काढून टाका, तेही असेच भकास दिसेल. त्यावरून नाटक पडेल होते असे ठरत नाही. विनोद वाईट आहे हे तुम्हाला सिद्ध करायचे असेल तर हशासकट पाहून सिद्ध करा.

खडूस_बाबूराव

हशासकट पाहूनही मला हसू आलेले नाही, हे मी नम्रपणे नोंदवतो.

मृद्गंध

थोडे विषयांतर होईल, परंतु ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’मध्ये स्किट चालू असताना समोर बसलेल्या परीक्षकांचे हसणे मुद्दाम दाखवतात. तिथे हशाला चेहरा आणि नाव आहे. सई ताम्हणकर डोळे पुसताना दिसली की घरच्यांनाही हसू येते. हा मुद्रित हशाचाच सुधारलेला अवतार म्हणावा का?

गप्पिष्ट

अवतार म्हणावा, पण डग्लसच्या पेटीला मानधन आणि वाहन द्यावे लागत नव्हते.

संकलक_अनामिक

मी संकलनाच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून ‘मॅश’विषयी आणि पारिजातक यांच्या दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो.

वाहिन्यांचा हट्ट केवळ अंधश्रद्धा नव्हता. १९६५ साली सीबीएसने ‘होगन्स हीरोज’चा पहिला भाग प्रेक्षकांना दोन प्रकारे दाखवून पाहिला, एकदा हशासह आणि एकदा हशाविना. हशाविना भाग पडला आणि हशासह चांगला चालला. त्यानंतर सीबीएसने आपल्या विनोदी मालिकांना हशा हवाच, असे धोरण ठेवले. ‘मॅश’चे लेखक लॅरी गेलबार्ट यांना तो अजिबात नको होता. युद्धात जखमी झालेल्या पोरांच्या गोष्टीवर अदृश्य माणसांनी हसावे, हे त्यांना खटकत होते. शेवटी तडजोड अशी झाली की शस्त्रक्रियेच्या प्रसंगांत हशा घालायचा नाही. पारिजातक, तुम्ही नीट ऐकलेत तर तंबूतला हशा शस्त्रक्रियेच्या दालनात शिरताच थांबतो आणि पुढच्या वर्षांत तो एकूणच हळू होत गेलेला आहे. ब्रिटनमध्ये बीबीसीने ही मालिका हशाविनाच दाखवली. डीव्हीडीवरही हशा असलेला आणि नसलेला, असे दोन्ही ध्वनिपट निवडता येतात, त्यामुळे ही तुलना घरी करता येते.

एक भाग मात्र अवश्य पाहावा. १९७६मधला ‘द इंटरव्ह्यू’. त्यात एक वार्ताहर छावणीत येतो आणि पात्रे कॅमेऱ्याकडे पाहून त्याच्या प्रश्नांची उत्तरे देतात. चित्रण कृष्णधवल आहे आणि हशा अजिबात नाही. हशा नसला तरी मला तिथे कधी रिकामे वाटले नाही, कारण कॅमेरामागे ऐकणारा एक माणूस आहे हे आपल्याला ठाऊक असते. प्रेक्षकाला सोबत हवी होती. ती हशाने मिळते तशी कॅमेऱ्यानेही मिळू शकते, हे इथे दिसते. ‘द ऑफिस’ येण्याच्या पंचवीस वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

पारिजातक

हा भाग मी अजून पाहिलेला नाही, तो आज रात्री पाहीन. परंतु मग मधल्या पंचवीस वर्षांत कोणी हशा का काढला नाही? आणि ‘द ऑफिस’मध्ये कॅमेरा नेमके काय करतो?

संकलक_अनामिक

प्रयत्न झाले, पण बहुतेक वाहिनीशी भांडून झाले. १९९८ सालच्या ‘स्पोर्ट्स नाइट’चे उदाहरण पाहा. आरोन सॉर्किन यांचे संवाद इतके वेगवान होते की त्यात हशाला जागाच नव्हती. तरी एबीसीने पहिल्या वर्षी हशा घालायला लावला. तो संवादाच्या फटींत कोंबलेला ऐकू येतो, हळूहळू दबत जातो आणि दुसऱ्या वर्षी नाहीसा होतो. २००० साली फॉक्सवर आलेल्या ‘माल्कम इन द मिडल’ने सुरुवातीपासूनच तो घातला नाही. तिथला मुलगा थेट प्रेक्षकाशी बोलतो आणि प्रसंगाचा वेग संकलनाने ठेवलेला आहे. ब्रिटनमधली ‘द ऑफिस’ २००१ची आणि अमेरिकेतली २००५ची.

पहिल्याच भागातला प्रसंग घ्या. ड्वाइटचा स्टेपलर जिमने पिवळ्या जेलीत बुडवून ठेवला आहे. ब्रिटिश मूळ मालिकेतही हीच खोडी आहे. ड्वाइट साहेबांकडे तक्रार करतो आणि कॅमेरा जिमकडे वळतो, तर तो शांतपणे कपातली जेली खात बसलेला आहे. तीन कॅमेऱ्यांच्या मालिकेत हाच प्रसंग केला असता तर जेली बाहेर येताच पहिला हशा, तो उतरेपर्यंत ड्वाइटचा संतप्त चेहरा, मग जिमचे उत्तर आणि दुसरा हशा, अशी रचना झाली असती. जिमच्या हातातला कप सगळ्यांना आधीपासून दिसला असता, कारण रुंद चौकटीत तो लपवता येत नाही. इथे कप दिसतो तो कॅमेऱ्याने शोधल्यासारखा, थोडा उशिरा. ‘आता हसा’ हे सांगण्याचे काम कॅमेऱ्याच्या त्या वळण्याने केले. हशा उतरण्यासाठी जो वेळ सोडावा लागत असे, त्या वेळात आता जिमची किंवा आणखी कोणाची कॅमेऱ्याकडे नजर जाते. ती नजर म्हणजे शेजारच्या खुर्चीवरचा माणूस आहे. मुलाखतींचे तुकडे तिसरे काम करतात. प्रसंग नेमका कुठे तोडायचा याचे स्वातंत्र्य त्यामुळे संकलकाला मिळते. वाक्य अर्धवट सोडून पात्राला खुर्चीत बसवले की विनोद तिथेच संपतो आणि शेपटी लावावी लागत नाही.

यातही बिघाड होतोच. नजर फार वेळा वापरली की ती यंत्रातल्या हशाइतकीच यांत्रिक होते. मग प्रसंग कच्चा आहे आणि नजरेने तो तारून नेला जातो आहे, हे जाणवू लागते. अशा वेळी मी एक साधी कसोटी लावतो. ती नजर कापून टाकावी आणि प्रसंग तरीही उभा राहतो का, ते पाहावे.

निशिगंध_कॅलिफोर्निया

मग बाबूरावांचा आक्षेप या नव्या मालिकांनाही लागू व्हायला हवा. जिमची नजर मला हेच सांगते की समोरचा माणूस मूर्ख आहे आणि आपण दोघे शहाणे आहोत. यंत्रातला हशा निदान असा भेदभाव करत नव्हता, तो सगळ्यांना मिळून हसवत होता. मला हा बदल सुधारणा वाटत नाही, केवळ अभिरुचीतला बदल वाटतो.

संकलक_अनामिक

मी याच्याशी अर्धाच सहमत आहे. हशा तुम्हाला एकच भावना सांगतो. नजर मात्र कधी लाजलेली असते, कधी हताश असते आणि कधी त्या मूर्ख माणसाविषयी कणव असलेलीही असते. ‘द ऑफिस’मधला साहेब अवघडून गप्प होतो, त्या क्षणी हशा वाजवला असता तर त्याच्याविषयी वाईट वाटण्याची शक्यताच संपली असती. अवघडलेपणाचा विनोद हशासोबत टिकत नाही, असे माझे मत आहे.

ध्वनिवेडा

परंतु हशाचा परिणाम होतो, हेही विसरून चालणार नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१९ साली चाळीस पांचट विनोद लोकांना ऐकवले आणि त्यांच्यामागे हसणे जोडले. हसणे जोडल्यावर त्याच विनोदांना जास्त गुण मिळाले, आणि ओढूनताणून केलेल्या हसण्यापेक्षा मनापासूनच्या हसण्याचा परिणाम अधिक होता. म्हणजे डग्लस योग्य तेच हशे वेचत होता.

खडूस_बाबूराव

पांचट विनोद हशाने बरा वाटतो, हे तुम्ही स्वतःच मान्य केलेत. माझा आक्षेप यापेक्षा निराळा नव्हता.

ध्वनिवेडा

त्या प्रयोगातले विनोद मुद्दामच पांचट निवडले होते. चांगल्या विनोदावर काय परिणाम होतो, हे त्यावरून ठरत नाही.

मृद्गंध

इतके वाचून मला एक गोष्ट विचारावीशी वाटते. हशा खरोखरच गेला आहे का? ‘द बिग बँग थिअरी’ तर २०१९पर्यंत चालू होती आणि लोक ती आवडीने पाहत होते.

संकलक_अनामिक

गेलेला नाही, आणि त्याच मालिकेच्या कुटुंबात याचे उत्तम उदाहरण आहे. ‘द बिग बँग थिअरी’ प्रेक्षकांसमोर चित्रित होत असे. तिच्यातल्या शेल्डनच्या बालपणावरची ‘यंग शेल्डन’ २०१७ साली आली, ती एका कॅमेऱ्याने आणि हशाविना, मोठ्या शेल्डनच्या निवेदनासह. त्यातल्या थोरल्या भावाच्या संसारावर २०२४ साली ‘जॉर्जी अँड मँडीज फर्स्ट मॅरेज’ सुरू झाली आणि ती पुन्हा प्रेक्षकांसमोर, हशासह. जॉर्जी तोच आहे आणि त्याचा नटही तोच आहे. ‘यंग शेल्डन’मध्ये वडिलांचा मृत्यू होतो तो प्रसंग हशाच्या मालिकेत त्याच पद्धतीने करता आला नसता, आणि सासू-जावयाची जुगलबंदी हशाविना तितकी रंगली नसती, असे मला वाटते. दोन्हींतला एकेक भाग पाठोपाठ पाहा आणि जॉर्जी वाक्य संपल्यावर काय करतो, एवढेच लक्षपूर्वक बघा.

रंगकर्मी_नाना

मी दोन्ही मालिकांचे थोडे भाग नातवासोबत पाहिले. दुसरीत तो पोरगा वाक्य संपवून श्वास घेतो, मान किंचित वळवतो आणि मगच पुढे जातो. त्याला कोणीतरी लाफ्टर घ्यायला शिकवले आहे. पहिलीत तो वाक्य टाकून सरळ दाराबाहेर निघून जातो. कोणता अभिनय अवघड, यावर माझे आणि नातवाचे एकमत झालेले नाही.

पारिजातक

‘द इंटरव्ह्यू’ पाहिला. त्यानंतर एक नेहमीचा भाग हशाविना लावला, तर तंबूतले प्रसंग मला अधिक कडवट वाटले आणि डॉक्टरांचे विनोद स्वतःला सावरण्यासाठी केलेले वाटले. हशासह तेच विनोद आमच्यासाठी केलेले वाटत होते. यांपैकी गेलबार्ट यांना कोणते अभिप्रेत होते हे आता कळले, परंतु १९७२ सालच्या प्रेक्षकाला पहिल्याच आठवड्यात हशाविना हे पचले असते का, याविषयी मला अजून शंका आहे. ‘होगन्स हीरोज’च्या त्या चाचणीत लोकांना मालिका आवडली नाही की केवळ सवय नसल्याने परकी वाटली, हे कोणी सांगू शकेल का?

संकलक_अनामिक

एकदाच दाखवून घेतलेल्या चाचणीतून ते कळणे कठीण आहे. त्याच प्रेक्षकांना हशाविना पाच-सहा भाग सलग दाखवले असते, तर सवय आणि आवड वेगळी करता आली असती. वाहिनीला मात्र पहिल्याच भागावर निर्णय घ्यायचा होता.

गप्पिष्ट

म्हणजे धागा बंद करण्याची माझी सूचना कोणी मान्य केलेली दिसत नाही.